बहिणीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज : कच्च्या खर्ड्यापासून सहीपर्यंत

आस्थापना विभागात बसणाऱ्या माणसाच्या टेबलावर नोव्हेंबरपासून लग्नाच्या रजेचे अर्ज येऊ लागतात. त्यातले बहुतेक एकाच साच्यातले असतात. विषयात ‘सुट्टी मिळण्याबाबत’, मजकुरात घरची सगळी कर्मकहाणी आणि शेवटी ‘तसदीबद्दल क्षमस्व’. रजा बहुधा मिळतेच, कारण सख्ख्या बहिणीचे लग्न कोणी अडवत नाही. पण अर्ज वाचून साहेबांना फोन करावा लागतो : नक्की किती दिवस? कामावर कधी येणार? तुमचे काम कोण बघणार? हे तिन्ही प्रश्न अर्जातच मिटले असतील, तर भाषा सुधारायचे काम निम्मे झालेले असते. उरलेले निम्मे आपण एका उदाहरणावर करू.

उदाहरण असे. साताऱ्यातल्या एका सहकारी पतसंस्थेच्या शाखेत एक तरुण रोखपाल आहे. धाकट्या बहिणीचे लग्न शुक्रवारी, ११ डिसेंबर २०२६ रोजी, बार्शीला आहे. त्याने लिहिलेला पहिला खर्डा चुकांसकट असा :

> प्रती,
> मा. मॅनेजर साहेब,
> विषय : सुट्टी मिळणेबाबत
> महोदय साहेब,
> वरिल विषयास अनुसरुन आपणास विनंतीपुर्वक अर्ज करतो कि, माझ्या सख्ख्या लहान बहिणीचे लग्न ठरले असुन घरात मीच मोठा असल्यामुळे सर्व जबाबदारी माझ्यावरच आहे, वडीलांची तब्येत पण ठिक नसते, तरी मला दिनांक ९ तारखेपासून १५ तारखेपर्यंत सुट्टी पाहिजे आहे. माझे काम सहकार्यांकडे देऊन जाईन. मी एवढ्या वर्षात कधीही सुट्टी घेतली नाही तरी कृपया करुन माझी सुट्टी मंजुर करावी हि नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.
> आपला आज्ञाधारक

आधी कॅलेंडर, मग कागद

पेन उचलण्याआधी लग्नघरातले दिवस एकेक करून मांडा. इथे बुधवारी ९ तारखेला मांडव, देवक आणि पाहुण्यांची आवक. गुरुवारी हळद. शुक्रवारी लग्न. शनिवार-रविवार वराकडचा सत्यनारायण आणि मांडव परतणे. सोमवारी १४ तारखेला कार्यालयाचा, आचाऱ्याचा, भाड्याने आणलेल्या भांड्यांचा हिशेब चुकवायचा. मंगळवारी १५ तारखेला तो कामावर येणार आहे.

आता खर्ड्यातले वाक्य पुन्हा वाचा : ‘१५ तारखेपर्यंत सुट्टी पाहिजे’. वाचणारा काय समजेल? १५ तारीखही रजेत धरली आहे आणि माणूस १६ला येईल. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र १५ला हजर व्हायचे आहे. रजेच्या अर्जात ‘पर्यंत’ हा शब्द असा दगा देतो. त्यावर उपाय साधा आहे : रजेचा शेवटचा दिवस लिहायचा आणि हजर होण्याची तारीख वेगळ्या वाक्यात लिहायची. दोन्ही तारखा वारासकट लिहा. तारीख लिहिताना हात चुकला, तरी वार जुळत नाही हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

मग मोजणी. १२ डिसेंबर हा दुसरा शनिवार आणि १३ला रविवार. या शाखेला दोन्ही दिवशी सुट्टी आहे. म्हणजे कामाचे दिवस जातात ते चारच : ९, १०, ११ आणि १४. पण मधल्या दोन सुट्ट्या रजेत धरायच्या की नाही हे संस्थेचा सेवानियम ठरवतो. सरकारी कार्यालयांत नैमित्तिक म्हणजेच किरकोळ रजेच्या मध्ये आलेली सुट्टी मोजत नाहीत, अर्जित रजेत मात्र मोजतात. खासगी कंपन्यांत हाच हिशेब ‘सँडविच’ या नावाने ओळखला जातो आणि त्यापायी चार दिवसांची रजा खात्यातून सहा दिवस म्हणून वजा होऊ शकते. म्हणून अर्जाआधी आस्थापनेकडे विचारून घ्यावे आणि अर्जात मधल्या सुट्ट्यांचा उल्लेख स्पष्ट करावा. लपवून काही साधत नाही, हजेरीपटावर ते दिसतेच.

रजेचा प्रकारही इथेच ठरवायचा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू आहे, त्या कामगारांना वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा मिळते आणि न वापरलेली रजा वर्षअखेर बुडते. अर्जित रजा मात्र ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. बहुतेक संस्थांचे स्वतःचे नियमही याच धर्तीवर असतात. आता लग्न डिसेंबरात आहे. किरकोळ रजेचे चार दिवस शिल्लक असतील, तर ते आधी वापरावेत आणि अर्जित रजा पुढच्या वर्षासाठी राखावी. फक्त एक बघून घ्या : सलग तीन दिवसांपेक्षा जास्त किरकोळ रजा न देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. आपल्या रोखपालाच्या संस्थेत तशी मर्यादा नाही, मधल्या सुट्ट्याही मोजत नाहीत, असे धरून पुढे जाऊ.

अर्ज किती दिवस आधी द्यावा? तारीख पक्की होऊन कार्यालय ठरले की लगेच. वर सांगितलेल्या अधिनियमात अर्जित रजेसाठी पंधरा दिवस आधी केलेल्या अर्जाला वजन आहे : असा अर्ज नाकारला गेला, तर ४५ दिवसांवरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो. तेव्हा पंधरा दिवस ही किमान मर्यादा समजा. आपला रोखपाल १६ नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवड्यांहून थोडे आधी, अर्ज देतो आहे.

कोणाला उद्देशून

पुष्कळ पतसंस्थांत शाखा व्यवस्थापक रजेची फक्त शिफारस करतो आणि मंजुरी मुख्य कार्यालयातून येते. तसे असेल तर अर्ज मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे लिहून वर ‘शाखा व्यवस्थापक यांच्यामार्फत’ असे लिहायचे असते. आपल्या उदाहरणात मंजुरी शाखेतच मिळते. म्हणून ‘मा. शाखा व्यवस्थापक’ एवढे पुरे. ‘मॅनेजर साहेब’ हे बोलण्यातले आहे आणि ‘मा.’ला ‘साहेब’ जोडले की आदर दुप्पट होतो, अर्ज नाही. तेच ‘महोदय साहेब’चे. नुसते ‘महोदय’ लिहावे. व्यवस्थापक बाई असतील तर ‘महोदया’. हे इतके साधे असूनही जुना अर्ज समोर ठेवून नवा टंकणारे इथेच अडकतात.

रोज ज्यांच्याशी ‘अरे सर, तुम्ही’ असे बोलतो, त्यांनाही अर्जात ‘आपण’च लिहायचे. साहेब वयाने लहान असले, मित्र असले तरी. तो कागद उद्या दप्तरात जाईल आणि लेखापरीक्षकही वाचेल.

सूर : याचना नको, फर्मानही नको

खर्ड्यात दोन टोके एकत्र आली आहेत. ‘सुट्टी पाहिजे आहे’ हे मागणीसारखे वाजते, तर ‘एवढ्या वर्षात कधीही सुट्टी घेतली नाही’, ‘तसदीबद्दल क्षमस्व’, ‘आज्ञाधारक’ हे सगळे अजिजीचे. मराठीत यांच्या मधली जागा क्रियापदाच्या एका रूपाने मिळते : ‘मिळावी’, ‘करावी’. ‘रजा मिळावी, ही विनंती’ यात हक्कही आहे आणि अदबही. ही विनंती अर्जात एकदाच यावी. खर्ड्यात ‘विनंतीपूर्वक’, ‘कृपया’ आणि ‘नम्र विनंती’ अशी ती तीनदा आली आहे, म्हणून तिचा जोर गेला.

कारणांचेही तसेच. बहिणीचे लग्न हे रजेसाठी पुरेसे कारण आहे. त्याला वडिलांच्या तब्येतीचा आणि ‘घरात मीच मोठा’चा टेकू दिला की वाचणाऱ्याला शंका यायला लागते, एवढे का पटवतोय हा? वडिलांचे आजारपण हेच दोन दिवस आधी जाण्याचे कारण असते, तर ते लिहिणे योग्य ठरले असते. इथे ९ तारखेचे कारण विधी हेच आहे. ‘कधीही सुट्टी घेतली नाही’ तर काढूनच टाकावे. साहेब हजेरीपट उघडतील आणि गणपतीतले दोन दिवस तिथे दिसतील.

‘क्षमस्व’ का नको? रजा मागणे ही चूक नाही. माफी मागायचीच, तर ती वेळेवर अर्ज न देणाऱ्याने मागावी. आणि ‘आज्ञाधारक’ शाळेच्या अर्जात शोभते, नोकरीत ‘आपला विश्वासू’ पुरते. स्त्रीने लिहिताना ‘आपली विश्वासू’, आणि मजकुरातली क्रियापदेही जुळवायची : ‘काम करते’, ‘हजर होईन’. दुसरे रूप दोघांनाही चालते, पहिले बदलते.

कामाची सोय हा अर्जाचा कणा

खर्ड्यातले सगळ्यात दुबळे वाक्य म्हणजे ‘माझे काम सहकार्यांकडे देऊन जाईन’. कोणत्या सहकाऱ्याकडे, कोणते काम, कधी? रोखपालाच्या बाबतीत हा प्रश्न साधा नाही. तिजोरी सहसा दोघांच्या ताब्यात असते. एक किल्ली व्यवस्थापकाकडे, दुसरी रोखपालाकडे, आणि दोघे असल्याशिवाय ती उघडत नाही. रोखपाल बार्शीला आणि किल्ली त्याच्या खिशात, असे झाले तर ९ तारखेला सकाळी शाखेत पैसे देता-घेता येणार नाहीत. साहेबांच्या मनात पहिली काळजी हीच येणार, म्हणून तिचे उत्तर अर्जात हवे : ८ डिसेंबरला कामकाज संपल्यावर रोख शिल्लक मोजायची, रोजकीर्दीशी जुळवायची, किल्ली द्यायची, नोंदवहीत देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सही करायची.

पण किल्ली कोणाकडे द्यायची हे रोखपाल ठरवत नाही, व्यवस्थापक ठरवतात. म्हणून वाक्यात ‘आपल्या मान्यतेने’ हवेच. त्या दोन शब्दांनी सूचना राहते आणि अधिकारावर पाय पडत नाही. ज्या लिपिकाचे नाव लिहायचे, त्याला आधी विचारलेले असावे. अर्ज साहेबांच्या टेबलावर गेल्यावर ‘मला कोणी विचारलेच नाही’ असे तो म्हणाला, तर उरलेला अर्ज कितीही शुद्ध असला तरी उपयोग नाही.

तुमचे काम रोखीचे नसेल, तर अशीच एक अडणारी गोष्ट शोधा : पगारपत्रक, माल पाठवायची तारीख, चालू असलेली निविदा, एखाद्या ग्राहकाचा परवाना. त्याबद्दल एक वाक्य लिहा. सगळ्या कामांची यादी नको.

शुद्धलेखन : बऱ्याच चुकांना एकच नियम

मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. रजेच्या अर्जाला त्यातला एकच नीट कळला तरी चालते. शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा. खर्ड्यातल्या चुका त्यावर लावून बघा : वरिल नव्हे वरील, अनुसरुन नव्हे अनुसरून, असुन नव्हे असून, करुन नव्हे करून, ठिक नव्हे ठीक, मंजुर नव्हे मंजूर.

आणि त्याच शब्दाला प्रत्यय लागून शेवट बदलला की तोच स्वर ऱ्हस्व होतो. वडील, पण वडिलांची. बहीण, पण बहिणीचे. मंजूर, पण मंजुरी. खर्ड्यात ‘बहिणीचे’ बरोबर आणि ‘वडीलांची’ चूक आहे, म्हणजे नियम माहीत नसून सवयीने लिहिले आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. ‘कुटुंब’ आणि ‘अधिक’ ऱ्हस्वच राहतात.

‘कि’ आणि ‘हि’ या चुका वेगळ्या. एकाक्षरी शब्द दीर्घ लिहायचा : की, ही, मी, ती. अपवाद ‘नि’चा. ‘कि’ बहुतेकदा हिंदी कळफलकाच्या सुचवणीतून शिरतो, म्हणून मोबाइलवर लिहिताना तो हमखास तपासावा. ‘प्रती’चे उलटे आहे. अर्जाच्या डोक्यावरचे ‘प्रति’ हे संस्कृत अव्यय, ते ऱ्हस्व. ‘प्रती’ म्हणजे कागदाच्या प्रती.

सगळ्यात लबाड चूक मात्र ‘सहकार्यांकडे’ ही. ‘सहकारी’चे रूप ‘सहकाऱ्यांकडे’ होते, त्यात अर्धा र य-च्या आधी आडवा लागतो. ‘सहकार्य’ म्हणजे मदत. शब्द तपासणारे कोणतेही साधन ही चूक पकडेलच असे नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. असेच ‘दिवसाची’ आणि ‘दिवसांची’, ‘वर्षात’ आणि ‘वर्षांत’. चार दिवस असतील तर अनुस्वार हवा.

दोन शब्दांचे ओझे उतरवायचे राहिले. ‘दिनांक ९ तारखेपासून’ यात तारीख दोनदा आली आहे. ‘कृपया करून’ यात ‘करून’ जास्तीचे आहे, कारण ‘कृपया’ म्हणजेच कृपा करून. आणि ‘मिळणेबाबत’ऐवजी ‘मिळण्याबाबत’ लिहा. कार्यालयांत पहिले रूप सर्रास चालते, पण सामान्यरूप टाळून लिहायचे काही कारण नाही.

तयार अर्ज

> दिनांक : १६ नोव्हेंबर २०२६
>
> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> (संस्थेचे नाव), सातारा शाखा.
>
> विषय : बहिणीच्या विवाहानिमित्त दि. ९, १०, ११ व १४ डिसेंबर २०२६ या चार दिवसांची किरकोळ रजा मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> माझ्या धाकट्या बहिणीचा विवाह शुक्रवार, दि. ११ डिसेंबर २०२६ रोजी बार्शी येथे आहे. विवाहाचे विधी ९ डिसेंबरपासून सुरू होत असून घरचे कार्य १४ डिसेंबरला पूर्ण होईल.
>
> यासाठी मला बुधवार, दि. ९ ते शुक्रवार, दि. ११ डिसेंबर आणि सोमवार, दि. १४ डिसेंबर २०२६ अशी चार दिवसांची किरकोळ रजा मिळावी. दि. १२ (दुसरा शनिवार) व दि. १३ (रविवार) या सुट्ट्या मध्ये येतात. मी मंगळवार, दि. १५ डिसेंबर रोजी कामावर हजर होईन.
>
> रजेच्या काळात रोख विभागाचे काम पाहण्यास लिपिक श्री. अ. ब. क. तयार आहेत. आपल्या मान्यतेने मंगळवार, दि. ८ डिसेंबर रोजी कामकाज संपल्यावर मी रोख शिल्लक मोजून, रोजकीर्दीशी जुळवून माझ्याकडील तिजोरीची किल्ली त्यांच्या ताब्यात देईन. नोंदवहीत तशी नोंद करून दोघेही सह्या करू. तातडीच्या कामासाठी मी खालील मोबाइल क्रमांकावर उपलब्ध असेन.
>
> तरी वरीलप्रमाणे रजा मंजूर करावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही)
> (नाव), रोखपाल
> (कर्मचारी क्रमांक, मोबाइल क्रमांक)

विषयाची ओळ लांब झाली आहे, ती मुद्दाम. कागदांच्या गठ्ठ्यात साहेब बहुधा तेवढीच वाचतात. ‘वरील विषयास अनुसरून’ गाळले, कारण विषय दोन ओळी वरच आहे. ‘तरी’ एकदाच आले, शेवटी, निष्कर्षाच्या जागी. ‘विवाह’ आणि ‘लग्न’ यांतला पहिला शब्द अर्जभर ठेवला आहे. ‘लग्न’ लिहिले असते तरी चूक नव्हती, दोन्ही आलटून पालटून वापरणे तेवढे टाळावे.

ई-मेलने पाठवायचा असेल, तर प्रति, पत्ता आणि तारीख काढा आणि विषयाच्या रकान्यात ‘विवाहानिमित्त रजा : ९, १०, ११ व १४ डिसेंबर’ एवढेच लिहा. मजकूर जसाच्या तसा चालतो. व्हॉट्सॲपवर मात्र अर्ज पाठवू नये. ‘साहेब, रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आहे’ एवढे कळवायला ते ठीक.

द्यायचा कसा, अडला तर काय

आधी तोंडी बोला. लेखी अर्ज पहिल्यांदाच अचानक समोर आला की साहेब तो बाजूला ठेवतात. रोखीची गर्दी ओसरल्यावर, दुपारनंतर, ‘साहेब, बहिणीचं अकरा डिसेंबरला ठरलंय, रजेचा अर्ज देतोय’ एवढे सांगून कागद द्यावा. सोबत दुसरी प्रत न्यावी आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि सही घेऊन पोच स्वतःजवळ ठेवावी.

पत्रिका अर्जाला जोडायची का? संस्था पुरावा मागत असेल तर छायाप्रत जोडा. साहेबांना निमंत्रण म्हणून पत्रिका द्यायची, तर ती वेगळी, रजा मंजूर झाल्यावर, शक्य असल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत जाऊन. अर्जाच्या तळाशी ‘आपण सहकुटुंब यावे’ असे लिहिणारे असतात. निमंत्रण आणि मागणी एकाच कागदावर आली की दोन्ही अवघडून बसतात.

साहेब म्हणाले, ‘चार दिवस जमणार नाही’, तर कोणता दिवस सोडायचा हे आधीच ठरलेले असावे. इथे तो सोमवार १४ आहे. भांड्यांचा आणि आचाऱ्याचा हिशेब चुलतभाऊ करू शकतो, हळद आणि लग्न कोणी त्याच्या वतीने लावणार नाही. पण ही सवलत अर्जात लिहू नये. लिहिली की तो दिवस आधीच कापला गेला म्हणून समजा.

आठवडाभर उत्तर आले नाही, तर नवा अर्ज न करता पोचेचा आवक क्रमांक सांगून विचारावे. आणि लग्नाची तारीख किंवा मुहूर्त बदलला, तर जुन्या अर्जावर खाडाखोड न करता दोन ओळींचा दुसरा अर्ज द्यावा : ‘माझ्या दि. १६ नोव्हेंबरच्या अर्जातील रजेच्या तारखा विवाहाची तारीख बदलल्यामुळे पुढीलप्रमाणे बदलाव्यात.’ खाली नव्या तारखा वारासकट, हजर होण्याची तारीख आणि किल्ली देण्याचा नवा दिवस लिहावा.